एका डॅशबोर्डवर पाच घड्याळे: कांदा चाळीच्या माहितीचा ताजेपणा (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५, सोमवार

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी हा डॅशबोर्ड आहे. सभासदांचा उन्हाळ कांदा चाळींमध्ये भरून झालाय. माल कधी काढायचा, कुठे न्यायचा हे ठरवायला पाच ठिकाणची माहिती एका पानावर हवी आहे.

चाळीतला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर दर १५ मिनिटांनी नोंद पाठवतो. दोन बाजार समित्यांचे भाव लिलावाच्या दिवशीच येतात. पावसाचा आकडा दिवसातून एकदा मिळतो. शेतांवरची हिरवाई सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून काढतो, आणि तो पाच दिवसांनी एकदा वरून जातो. चाळीतला शिल्लक माल मात्र चाळीवरचे दादा दर सोमवारी हाताने भरतात.

सध्या पानाच्या कोपऱ्यात एकच ओळ आहे: "शेवटचे अद्यतन: स. ११:४२". ही वेळ पान कधी उघडले त्याची. तिच्याखाली शनिवारचा भाव, गेल्या सोमवारचा साठा आणि मे महिन्यातले उपग्रहचित्र मांडीला मांडी लावून बसलेत आणि तिघांवर ११:४२ चा शिक्का आहे. ती ओळ आज काढून टाकली. तिच्या जागी प्रत्येक चौकटीत तिची स्वतःची वेळ येईपर्यंत काहीच नसलेले बरे.

५ जून, गुरुवार

स्वतःची वेळ म्हणजे नक्की कोणती, यातच दिवस गेला. आमच्या तक्त्यात एकच वेळ होती, नोंद डेटाबेसमध्ये पडली ती. ती पुरत नाही. आता तीन ठेवल्या आहेत:

```sql
observed_at  timestamptz  -- माहिती ज्या क्षणाची आहे तो क्षण
received_at  timestamptz  -- ती आपल्याकडे पोचली तो क्षण
checked_at   timestamptz  -- आपण स्रोताकडे शेवटचे यशस्वीपणे पाहिले तो क्षण
```

पहिल्या दोन प्रत्येक नोंदीबरोबर राहतात, तिसरी स्रोतागणिक एकच. वाचणाऱ्याला दाखवायची ती `observed_at`. बाकीच्या दोन भांडण सोडवायला लागतात. भाव जुना दिसतोय तो बाजार समितीने नवा टाकला नाही म्हणून, की आमचा कार्यक्रम सकाळपासून बंद पडलाय म्हणून? `checked_at` पाच मिनिटांपूर्वीची असेल तर फोन बाजार समितीत लावायचा, कालची असेल तर मला. चौकटीखाली आता असे लिहून येते: "भाव ४ जूनचा. ११:३० ला पाहिले, नवा आलेला नाही." कंपनीच्या कार्यालयातून मला येणारे फोन या एका ओळीने कमी झाले.

इथे एक खोच आहे. `checked_at` फक्त यशस्वी वाचनानंतरच पुढे सरकली पाहिजे. एका संकेतस्थळाने मागणीला २०० चे, म्हणजे "सगळे ठीक" असे उत्तर दिले, पण पानावर तक्ताच नव्हता, "काम चालू आहे" एवढीच पाटी होती. आमच्या लेखी ते यशच होते. आता तक्ता सापडला, त्यात किमान, कमाल, सरासरी हे तिन्ही रकाने आहेत आणि तारीख वाचता आली, तरच वेळ सरकते.

८ जून, रविवार

रंग लावले. २४ तासांच्या आतले हिरवे, ४८ पर्यंत पिवळे, त्यापुढे लाल. पाचही चौकटींना एकच नियम.

सकाळी पान उघडले तर भाव पिवळे, साठा लाल, उपग्रह लाल. कंपनीच्या अध्यक्षांना पाठवले, त्यांचे उत्तर आले: "अहो, आज रविवार. लिलावच नाही तर भाव कुठून येणार? आणि साठा तर उद्या भरायचा आहे." दोन्ही खरे. उलट चाळीतला सेन्सर रात्री दहापासून मुका होता, आणि तो मात्र हिरवा! २४ तासांच्या आतला होता ना.

म्हणजे ज्यात सगळे ठीक होते ते लाल आणि जे खरोखर बंद पडले होते ते हिरवे. १५ मिनिटांच्या स्रोताला अकरा तास म्हणजे तो मेल्यात जमा, आणि आठवड्याच्या स्रोताला सहा दिवस म्हणजे एकदम वेळेवर. वयाची एकच पट्टी सगळ्यांना लावून चालणार नाही. शिवाय असे लाल दर रविवारी दिसू लागले की महिन्याभरात लालकडे कोणी बघत नाही, आणि मग ते खरे असेल तेव्हाही बघत नाही.

आज रंग काढून टाकले. वय फक्त शब्दांत ठेवले.

११ जून, बुधवार

दोन्ही बाजार समित्यांचे भाव रोज "पहाटे ५:३०" चे दिसताहेत. पहाटे साडेपाचला कुठलाही लिलाव होत नाही.

स्रोतात फक्त तारीख असते, `2025-06-10` अशी. ब्राउझर नुसत्या तारखेला जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र समजतो, आणि भारतात ती साडेपाच होते. डॅशबोर्डवर कुठल्याही चौकटीत रोज नेमकी साडेपाचची वेळ दिसली की समजायचे, मुळात वेळ नव्हतीच, ती कुठेतरी तयार झाली आहे. कंपनीचे एक सभासद सध्या अमेरिकेत मुलाकडे आहेत. त्यांना हाच भाव आदल्या दिवसाचा दिसत होता.

साडेपाच तास वजा करून हे झाकता येते, पण ते केले नाही. ज्या स्रोताकडे वेळ नाही त्याच्यासाठी आमच्याकडेही वेळ नको. भावाच्या तक्त्यात `observed_at` काढून `observed_on date` केले, आणि चौकटीत "१० जूनचा भाव" एवढेच येते. "१४ तासांपूर्वी" असे कधीच नाही, कारण ते १४ कुठून मोजले हे आपल्याला माहीत नसते.

दुपारच्या सत्रानंतर त्याच तारखेचे आकडे बदलतात हेही यातच लक्षात आले. तारीख तीच, सरासरी वेगळी. म्हणून दुपारी चारच्या आधी वाचलेल्या भावापुढे "सकाळचे सत्र" असे लिहितो. वेळेचा अंदाज बांधण्यापेक्षा हे शब्द लोकांना जास्त कळतात.

१६ जून, सोमवार

प्रत्येक स्रोताला "उशीर" कधी म्हणायचे हे मनाने ठरवण्यापेक्षा मोजून काढले. जमलेल्या नोंदींवर हा प्रश्न चालवला:

```sql
SELECT source_id,
  percentile_cont(0.5)  WITHIN GROUP (ORDER BY received_at - observed_at) AS nehmi,
  percentile_cont(0.95) WITHIN GROUP (ORDER BY received_at - observed_at) AS kadhitari
FROM reading
GROUP BY source_id;
```

यातून सेन्सरचे खरे रूप बाहेर आले. नेहमीचा उशीर काही सेकंदांचा, पण शंभरातल्या पाच नोंदी तासनतास उशिरा पोचतात. चाळ वस्तीपासून लांब आहे, रात्री वीज गेली की जवळच्या मोबाइल टॉवरचाही पत्ता नसतो. तेव्हा सेन्सरची पेटी नोंदी स्वतःकडे साठवते आणि रेंज आली की सगळ्या एकदम ढकलते, जुनी आधी, नवी नंतर.

याचा फटका ताज्या वेळेपेक्षा इशाऱ्यांना बसला. चाळीत आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के आणि तापमान २५ ते ३० अंश राहावे असे पाहतात. आर्द्रता बराच वेळ ८५ च्या वर राहिली तर मोबाइलवर संदेश जातो. आज सकाळी नऊला संदेश गेला: "आर्द्रता ८८%". दादा मोटारसायकल काढून धावत गेले, ताडपत्री वर केली, तर आत हवा कोरडी. ती नोंद पहाटे चारची होती, पाऊस चालू असतानाची. संदेश `received_at` बघून सुटत होता.

आता संदेशात वेळ लिहूनच जाते, आणि ४५ मिनिटांपेक्षा जुन्या नोंदीवर "धावा" असा संदेश जात नाही. "पहाटे ४ ते ५:३० आर्द्रता ८५ च्या वर होती" असे एकच टिपण जाते. ताजेपणा नुसता पानावर दाखवून भागत नाही, त्या आकड्यावरून जे जे सुटते त्या सगळ्याला तो कळला पाहिजे.

२० जून, शुक्रवार

दुसऱ्या चाळीचा सेन्सर सोमवारपासून "आत्ताच" दाखवतोय. तापमान मात्र एकच: ३१.४. दुपारी, मध्यरात्री, कधीही.

पेटीतल्या घड्याळाचा सेल उतरला होता आणि वीज जाऊन आल्यावर घड्याळाने भलतीच तारीख धरली. एक नोंद २०२६ ची पडली. चौकटीसाठी आम्ही सर्वांत मोठी `observed_at` घेतो. त्यामुळे ती एक नोंद वर जाऊन बसली आणि नंतर आलेल्या बरोबर नोंदी तिच्याखाली गेल्या. भविष्यातल्या वेळेचे वय ऋण येते, आणि आमचा कार्यक्रम ऋण वयाला "आत्ताच" म्हणत होता. हे कोणी पकडले नसते तर ती चौकट २०२६ पर्यंत ताजी राहिली असती.

तीन दुरुस्त्या केल्या. `observed_at` ही `received_at` च्या पाच मिनिटांहून पुढे असेल तर नोंद वेगळ्या तक्त्यात जाते आणि चौकटीवर "सेन्सरचे घड्याळ चुकले" असे येते. २०२५ च्या आधीची तारीख आली तरी तेच. ऋण वय कुठेही "आत्ताच" होत नाही, ती चूक म्हणूनच दिसते.

सेल बदलताना लक्षात ठेवण्याजोगे: या घड्याळाच्या स्वस्त पट्टीवर (डीएस३२३१ ची, निळी) सेलला चार्ज करणारा एक मार्ग दिलेला असतो. तो पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. साधा सीआर२०३२ घालायचा असेल तर तो मार्ग तोडावा लागतो, नाहीतर सेल फुगतो. आम्ही डायोडजवळचा रोध काढून टाकला.

२५ जून, बुधवार, अमावस्या

पहिल्या बाजार समितीचा भाव आला, दुसऱ्याचा नाही. या पट्ट्यात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत. काही ठिकाणी ती मोडली, काही ठिकाणी चालू आहे. दोन्ही समित्यांना एकच सुट्ट्यांची यादी लावता येत नाही, आणि रविवार सोडून रोज असा सरळ नियमही टिकत नाही.

रंगांचा प्रश्न ८ तारखेपासून लोंबकळत होता, तो आज सुटला. भावाचे वय मोजायचेच नाही. प्रश्न उलटा विचारायचा: आत्ता या घडीला, कोणत्या दिवसाचा भाव हातात असायलाच हवा होता? हातातला भाव त्या दिवसाचा किंवा त्यानंतरचा असेल तर तो वेळेवर आहे, मग मधे कितीही दिवस गेलेले असोत.

```python
def last_due(now, src, closed):
    d = now.date()
    if now < at(d, src.late_after):
        d -= timedelta(days=1)
    while d.weekday() not in src.days or d in closed:
        d -= timedelta(days=1)
    return d
```

`late_after` संध्याकाळी सहाला ठेवले. ही वेळ १६ तारखेच्या मोजणीतून आली. भाव बहुतेक वेळा तीनपर्यंत येतात, क्वचित साडेपाच होतात. `closed` ही प्रत्येक बाजार समितीची वेगळी यादी. आता सोमवारी सकाळी दहाला शनिवारचा भाव हिरवा असतो आणि मंगळवारी सकाळी तोच शनिवारचा भाव दिसला तर पिवळा होतो. बरोबर तसेच हवे होते.

आगाऊ न कळणारा बंद यात बसत नाही. हमाली-तोलाईचा वाद झाला, व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवले, किंवा ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले तेव्हासारखे जिल्हाभर लिलाव ठप्प झाले, तर यादीला ते कुठून कळणार? त्यासाठी चौकटीवर कार्यालयातल्या माणसाला एक बटण दिले: "आज लिलाव बंद". ते दाबले की तारीख यादीत जाते आणि चौकट करडी होते, खाली कारण लिहिता येते. बटण दाबेपर्यंत ती पिवळी राहील, आणि राहू द्यावी. तोवर आपल्यालाही खात्रीने माहीत नसतेच.

३ जुलै, गुरुवार

पाऊस आणि उपग्रह. दोन्ही पटकन झाले.

हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. म्हणजे ३ जुलैचा आकडा बहुतांशी २ जुलैच्या पावसाचा. चौकटीवर "आजचा पाऊस" लिहिले होते, आणि बाहेर लख्ख ऊन असताना ३४ मिलिमीटर पाहून लोक आकडाच खोटा ठरवत होते. आता "काल स. ८:३० ते आज स. ८:३०" असे लिहिले आहे. ज्या आकड्याला क्षण नसून कालावधी आहे, त्याचा कालावधीच दाखवावा.

उपग्रहाच्या बाबतीत "पाच दिवसांनी" हे पावसाळ्यात कागदावरच राहते. उपग्रह येतो, चित्रही मिळते, पण त्यात ढगांशिवाय काही नसते. आमची चौकट "१ जुलैचे चित्र" म्हणत होती आणि हिरवाईचा आकडा धडाधड खाली गेला होता, कारण शेताऐवजी ढग मोजले गेले. आता दोन तारखा ठेवल्या: शेवटची फेरी आणि शेवटचे निरभ्र चित्र. आकडा फक्त दुसऱ्यातून येतो. फेऱ्या वेळेवर होत असतील तर चौकट करडी आणि शब्द असे: "२७ मेचे चित्र. त्यानंतर ढग." हिला लाल कधीच करत नाही. ढगांवर कोणाचा उपाय नाही आणि लाल रंग हा कोणीतरी काहीतरी करावे यासाठी असतो.

१४ जुलै, सोमवार

नव्या नियमानंतर साठ्याच्या चौकटीने पहिल्यांदा लाल दाखवले. दादांनी गेल्या सोमवारी भरले नव्हते. विचारले तर म्हणाले, "सर, माल हललाच नाही तर परत तेच काय लिहू?"

त्यांच्या बाजूने बरोबर आहे. पण आमच्या बाजूने "बदल नाही" आणि "कोणी पाहिलेच नाही" हे दोन्ही रिकामेच दिसतात. फॉर्मवर आकड्याच्या रकान्याशेजारी एक मोठे बटण दिले: "पाहिले, बदल नाही". ते दाबले की जुना आकडा नव्या `observed_at` ने परत नोंदला जातो. आधी वाटले होते की वेगळा रकाना लागेल, तो लागला नाही. बदल नाही ही सुद्धा एक पूर्ण नोंदच आहे.

चाळीकडे न जाता घरूनच बटण दाबले तर? दाबता येईल. त्यावर यंत्राचा उपाय शोधत बसलो नाही. बटणाबरोबर चाळीचा एक फोटो मागवायचा विचार पुढे आला होता, पण तो दादांवर अविश्वास दाखवल्यासारखा होता. कंपनीने तो घेतला नाही आणि मलाही तेच पटले.

२४ जुलै, गुरुवार, दीप अमावस्या

या कामातली सर्वांत अवघड चौकट: "चाळीतील मालाची आजची किंमत". अध्यक्षांची नजर आधी तिच्यावरच जाते. साठा गुणिले सरासरी भाव. एक घटक आठवड्याचा, दुसरा लिलावाच्या दिवसाचा. मग या गुणाकाराची वेळ कोणती?

आधी दोन्हींतली जुनी वेळ घेतली. तर्काने बरोबर, पण ती वेळ कायम साठ्याचीच निघते आणि चौकट आठवडाभर जुनाट दिसते. नवी वेळ घेतली तर ते सरळ खोटे होते. शेवटी वेळ एक न देता दोन दिल्या आणि रंग वेगळा काढला. प्रत्येक घटक आपापल्या वेळापत्रकाला धरून आहे का ते पाहायचे, आणि त्यातली वाईट स्थिती गुणाकाराला द्यायची. आजची चौकट अशी दिसते:

```
११,८९,००० रु.
८२० क्विंटल (२१ जुलैची मोजणी) × १,४५० (२३ जुलैचा सरासरी भाव)
आज लिलाव बंद
```

दोन्ही घटक वेळेवर आहेत, म्हणून हिरवी. "आजची" हा शब्द मथळ्यातून काढला.

तरीही अध्यक्षांनी बोट ठेवलेच. मंगळवारी २५-२५ क्विंटलच्या दोन ट्रॉल्या गेल्या होत्या. चाळीत आज ७७० क्विंटल आहे, म्हणजे किंमत ११,१६,५०० हवी. चौकट ७२,५०० रुपयांनी जास्त दाखवतेय आणि तरी हिरवी आहे. हे कसे?

यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि मला वाटते, सगळ्या कामाचा गाभा इथेच आहे. "ठरल्या वेळी आले का" आणि "आत्ता खरे आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंग फक्त पहिल्याचे उत्तर देतो: कोणी काही करायला हवे का. दुसऱ्याचे उत्तर तारीख देते आणि ते वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते, कारण तीन दिवसांची मोजणी चालेल की नाही हे तो त्या आकड्याचे काय करणार यावर आहे. बँकेला अंदाज सांगायचा तर चालेल, व्यापाऱ्याशी सौदा करायचा तर नाही. रंगाला दोन्ही कामे दिली की तो दोन्ही बिघडवतो. म्हणून तारीख लहान करड्या अक्षरांत कोपऱ्यात न टाकता, आकड्याच्या लगेच खाली, उन्हात मोबाइलवर वाचता येईल एवढी मोठी ठेवली.

ट्रॉलीचा प्रश्न रंगाने सुटणारा नव्हताच. त्यासाठी काट्यावरच्या वजनपावतीची नोंद माल निघतानाच घ्यायची असे ठरले. सोमवारची मोजणी हा पाया, त्यातून पावत्या वजा. चौकटीत आता "२१ जुलैची मोजणी, २ पावत्या वजा" असे येते.

४ ऑगस्ट, सोमवार

कार्यालयाच्या भिंतीवर टीव्ही लावलाय, त्यावर पान दिवसभर उघडे असते. दुपारी इंटरनेट गेले, आणि सेन्सरची चौकट "६ मिनिटांपूर्वी" म्हणत तशीच गोठून राहिली. शब्दांतले वय पान उघडताना एकदाच मोजले जात होते. आता दर अर्ध्या मिनिटाला ब्राउझरच ते पुन्हा मोजतो, आणि सर्व्हरशी बोलणे तुटून पाच मिनिटे झाली की संपूर्ण पानावर पट्टी येते: "दु. २:१० पासून संपर्क नाही, खालचे सगळे तेव्हाचे." पूर्ण पानासाठी एकच वेळ दाखवावी असा हा एकच प्रसंग मला सापडला.

मोबाइलची घड्याळेही सरळ नसतात. एका सभासदाचा फोन वीस मिनिटे मागे होता. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत स्वतःची वेळ पाठवतो, ब्राउझर फरक काढून ठेवतो आणि वय त्यावरून मोजतो. मराठी शब्दांसाठी वेगळे काही करावे लागले नाही:

```js
new Intl.RelativeTimeFormat('mr').format(-2, 'hour')  // २ तासांपूर्वी
```

एक दिवस उलटला की मात्र "३ दिवसांपूर्वी" न लिहिता तारीख आणि वार लिहितो. बाजाराचे लोक वारावरून विचार करतात. "शनिवारचा भाव" म्हटले की त्यांना त्या दिवशीची आवकही आठवते.

१८ ऑगस्ट, सोमवार

पहिल्या चाळीत आर्द्रता तीन दिवस ९९.९. नोंदी दर १५ मिनिटांनी, चौकट हिरवी. सेन्सरच्या जाळीत पाणी गेले होते आणि तो वरच्या टोकाला अडकला होता. वेळ ताजी, आकडा मेलेला. ताजेपणाची कोणतीही पद्धत हे पकडू शकत नाही. वेगळी तपासणी घातली: सहा तासांत आकडा दशांशानेही हलला नाही तर "सेन्सर पहा". चाळीतली हवा दिवसरात्रीत इतकी बदलते की सहा तास स्थिर राहणे शक्य नाही. पावसाला किंवा साठ्याला हाच नियम लावू नका, तिथे सलग शून्य किंवा तोच आकडा अगदी खरा असतो.

सेन्सर वाळवून चालला नाही, बदलला. नवा खालच्या बाजूला तोंड करून, प्लॅस्टिकच्या वाटीखाली बसवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

२१ ला लक्ष्मीपूजन. दिवाळीत बाजार समित्या सलग बरेच दिवस बंद असतात आणि प्रत्येकीच्या तारखा वेगळ्या, त्या परिपत्रकाने कळतात. परिपत्रक कागदावर येते, कधी व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. तो आपोआप वाचायच्या फंदात पडलो नाही. कार्यालयातल्या ताई तारखा यादीत भरतात, पाच मिनिटांचे काम आहे.

यादी संपत आली तर सांगायची सोय मात्र राहिली होती, ती आज केली. कोणत्याही बाजार समितीच्या यादीत पुढच्या ३० दिवसांसाठी कोणीच काही पाहिलेले नसेल, तर ताईंच्या पानावर सूचना येते आणि तिथेही तेच बटण आहे: "पाहिले, बदल नाही". एका समितीचे दिवाळीचे परिपत्रक अजून आलेले नाही, तिची सूचना सध्या चालू आहे.